मॅगलेव्ह अपडेट: गोळी अखेर 6 मिमीवर थांबली, आता फ्रीव्हील डायोडची पाळी

मागच्या अपडेटमध्ये गोळी कॉइलखाली 10 मिमी गॅपवर छान तरंगत होती, पण सेटपॉइंट 6 केला की 7.3 वर जाऊन बसायची आणि 14 केला की 13.2 वर. हा प्रश्न सुटला आहे. 6, 10 आणि 14, तिन्ही गॅपवर 0.5 मिमीची सारखीच स्टेप दिली, तर तिन्ही आलेख आता एकमेकांवर बसतात. फीडबॅक लिनियरायझेशन, म्हणजे ओढीची नॉनलिनियरिटी गणिताने कापणे, जमले की नाही याची यापेक्षा चोख परीक्षा मला माहीत नाही. नॉनलिनियरिटी खरोखर कापली गेली असेल तर गोळीला आपण कुठल्या गॅपवर आहोत याचा पत्ताच लागता कामा नये.

सेटअप तोच आहे: 20 मिमीची बेअरिंगची गोळी, म्हणजे साधारण 33 ग्रॅम, लोखंडी गाभ्याची कॉइल, 6 ओहम आणि सुमारे 60 मिलिहेन्री, 24 व्होल्टचा सप्लाय, आणि गॅप मोजायला सोलर सेलची कापलेली पट्टी. कॉइल घरी गुंडाळण्यापेक्षा मोटार वाइंडिंगवाल्याकडून करून घ्या हे माझे मत कायम आहे. त्याच्या हातचे थर सरळ बसतात आणि वार्निशही तोच नीट मारून देतो.

आता मुख्य भानगड. आपण सगळे ज्या सूत्रापासून सुरुवात करतो त्यात ओढ ही करंटच्या वर्गाच्या प्रमाणात आणि गॅप x च्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. ते उलटवले की हवे ते त्वरण v मिळवण्यासाठी किती करंट लागेल ते निघते, आणि तेवढा करंट दिला की गोळीचे समीकरण नुसते x'' = v उरते. पुढे साधा पीडी कंट्रोलर पुरतो. पण ‘गॅप शून्य’ म्हणजे चुंबकाच्या दृष्टीने शून्य नव्हे. चुंबकीय रेषा गाभ्याच्या टोकाशी पसरतात, गोळीच्या आतही शिरतात, त्यामुळे खरी ओढ x वर नाही, तर x + a वर चालते. हा a मोजल्याशिवाय नॉनलिनियरिटी अर्धवटच कापली जाते.

मोजणी अशी केली. डिजिटल वजनकाट्यावर लाकडाचा उंच ठोकळा ठेवला, कारण काट्यातले लोखंड कॉइलपासून लांब हवे. त्यावर गोळी आणि वर कॉइल. करंट हळूहळू वाढवायचा आणि गोळीचे वजन निम्मे दिसेल तिथे थांबायचे. पूर्ण वजन उचलायला गेलात तर त्याआधीच गोळी उडी मारून कॉइलला चिकटते. निम्म्या वजनाच्या करंटला √2 ने गुणले की तोलून धरायला लागणारा करंट मिळतो. माझ्याकडे 6 मिमीला 0.60 अँपिअर आले, 10 ला 0.84 आणि 14 ला 1.08. आलेख काढला तर सरळ रेष, दर मिलिमीटरला 0.06. ती मागे वाढवली तर करंट शून्य होतो उणे 4 मिमीला. म्हणजे a = 4 मिमी.

आता जुने वागणे आरशासारखे स्पष्ट झाले. a शून्य धरून 10 मिमीवर जुळवलेले सूत्र 6 ला 0.50 अँपिअर देत होते, म्हणजे लागणाऱ्या ओढीच्या जेमतेम 70 टक्के. 14 ला उलट 1.18, म्हणजे जास्त ओढ. दोन्हीकडून गोळी 10 कडे ढकलली जात होती, जणू आपण न बसवलेली एक स्प्रिंग तिथे होती. 10 मिमीवरसुद्धा 0.5 ची स्टेप दिली की गोळी 0.37 च सरकायची, आणि तो सगळा काळ मी पीडीचे गेन वरखाली करत बसलो होतो. ही खूण लक्षात ठेवा: गोळी जुळवलेल्या गॅपकडे ओढली गेली तर a कमी धरला आहे, त्या गॅपपासून दूर पळाली तर जास्त. इंटिग्रल लावून ही तूट झाकता येते, पण मला ते पटत नाही. मग मॉडेल कुठे चुकते ते दिसतच नाही आणि प्रत्येक गॅपवर गोळी वेगळी वागते ती वागतच राहते.

गंमत म्हणजे वस्तुमान आणि स्थिरांक वेगळे शोधावेच लागत नाहीत. दोन्ही त्या रेषेच्या चढात आलेले असतात:

```
v = -1600*(x - xref) - 80*xdot;
if (v > 0.8*g) v = 0.8*g;
i_ref = 60.0*(x + 0.004)*sqrt(1 - v/g);
```

x मीटरमध्ये आहे, म्हणून 0.06 चे 60 झाले. दुसरी ओळ काढू नका. कॉइल फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. खाली जाताना गुरुत्वापेक्षा जास्त त्वरण मागितले की वर्गमुळात ऋण आकडा जातो आणि गोळी टेबलावर.

हे इथवर पोचले म्हणून खूश होतो, तेवढ्यात मोठी स्टेप देऊन पाहिली. 14 वरून 10 वर येणे एकदम सफाईदार. 10 वरून 14 वर जाताना मात्र सुरुवातीलाच रेंगाळते. शंटवर स्कोप लावला तेव्हा कारण दिसले. वर येताना वाढीव करंट एका मिलिसेकंदाच्या आसपास चढतो. खाली जाताना 0.84 वरून 0.50 वर उतरायला 4.4 मिलिसेकंद लागतात, कारण मॉसफेट बंद झाल्यावर कॉइलला विरोध करायला उरतो फक्त तिचा स्वतःचा रोध आणि डायोडचे 0.7 व्होल्ट. आपण करंटच्या भाषेत नॉनलिनियरिटी कापतो, पण तो करंट वेळेवर पोचलाच नाही तर कापणीही उशिरा होते. छोट्या स्टेपमध्ये करंट फारसा बदलत नाही, म्हणून हे आधी दिसले नाही.

उपाय म्हणून डायोडला 24 व्होल्टचा झेनर जोडायचा, असे ठरवून तपकीर गल्लीतून आणायच्या सामानाच्या यादीत तो लिहिलाही होता. हे टाइप करताना हिशेब मांडला: पीडब्ल्यूएमच्या प्रत्येक सायकलमध्ये बंद काळातला करंट त्यातून जाणार, म्हणजे गोळी नुसती स्थिर धरायलाच झेनरमध्ये जवळपास 8 वॅट जळतील. झेनर रद्द. त्याऐवजी दोन मॉसफेट आणि दोन डायोडचा असिमेट्रिक हाफ ब्रिज करतो. दोन्ही मॉसफेट बंद केले की कॉइलवर उलटे 24 व्होल्ट येतात, तोच उतार पाऊण मिलिसेकंदात व्हायला हवा, आणि ऊर्जा जळण्याऐवजी सप्लायच्या कपॅसिटरमध्ये परत जाते. 1000 मायक्रोफॅरड तिथे आहेच, व्होल्टेज एखाद्या व्होल्टनेच उचलले जाईल. कोणी एल298एन सुचवणार असेल तर नको. एका अँपिअरला त्यात दोनेक व्होल्ट सहज जातात आणि करंट लूपला लागणारी मोकळी जागा तीच खाते.

बोर्ड तयार झाला की 10 मिमीभोवती 3 मिमीची, 2 हर्ट्झची साइन गोळीला पाळायला लावणार आहे, v मध्ये सेटपॉइंटचे त्वरण फीडफॉरवर्ड म्हणून मिळवून.