निकालानंतरची पुस्तकखरेदी: मंडई ते अप्पा बळवंत चौक

नीटचा किंवा जेईईचा निकाल मनासारखा लागला नाही, की आठवड्याभरात घरातलं कुणीतरी मुलासाठी 'चांगलं पुस्तक' आणायला निघतं. पुण्यातल्या त्या फेरीचा हा वृत्तांत.

पहिली गोष्ट म्हणजे मुलाला बरोबर नेऊ नका. अप्पा बळवंत चौकात दुकानांच्या दर्शनी भागात प्रवेशपरीक्षांचे गाईड आणि प्रश्नसंच रचलेले असतात. जून-जुलैत तिथे पुढच्या वर्षाची पुस्तकं घेणाऱ्या मुलांची गर्दी असते आणि त्यात ओळखीचं कुणीतरी भेटतंच. "किती पडले?" हा प्रश्न त्या आठवड्यात नको.

गाडीही नेऊ नका. बाजीराव रस्ता एकेरी आहे आणि पार्किंग मिळणं मुश्कील. मेट्रोनं मंडई स्थानकावर उतरा आणि आधी बाजीराव रस्त्यावर आचार्य अत्रे सभागृहाजवळ असलेल्या अक्षरधारा या पुस्तकांच्या दुकानात जा. इथे मांडणीवरची पुस्तकं निवांत चाळता येतात, आणि निवडीसाठी तेच हवं असतं. मग लक्ष्मी रस्ता ओलांडून चौकात या. इथल्या रसिक साहित्यमध्ये मराठी पुस्तकं मिळतात. बाकीच्या बऱ्याच दुकानांत काउंटरवर नाव सांगून पुस्तक मागवावं लागतं, म्हणून नावं आधी ठरलेली बरी.

पुस्तक चाळताना अपयशाचं प्रकरण काढा आणि तिथून यशापर्यंत किती पानं आहेत ते बघा. अपयश दोन परिच्छेदांत आटोपून तिसऱ्यात सत्कार असेल, तर ते पुस्तक ठेवून द्या. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा ते वाचून 'म्हणजे मलाही आता मोठं काहीतरी करून दाखवायला हवं' एवढंच उचलतो. 'नापास मुलांची गोष्ट' हे अरुण शेवते यांचं संपादन चांगलं आहे, पण त्यातली माणसं पुढे नामवंत झालेली आहेत. निकालाच्या आठवड्यात ते नको, दोन-तीन महिन्यांनी द्या.

मुलासाठी पहिलं पुस्तक म्हणून आमची पसंती वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'ला. कार्व्हर हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ. त्याला हायलँड कॉलेजनं पत्रानं प्रवेश दिला आणि तो दारात उभा राहिल्यावर काळा म्हणून नाकारला. त्यानंतर 1890 मध्ये सिम्प्सन कॉलेजात जागा मिळेपर्यंत काही वर्षं गेली. त्या काळात त्यानं कॅन्ससमध्ये जमीन कसली, मिळेल ते काम केलं. सिम्प्सनमध्येही तो आधी चित्रकला शिकत होता, वनस्पतिशास्त्राकडे नंतर वळला. मधली वर्षं रिकामी नसतात, हे न सांगता पोचतं.

आईवडिलांनी स्वतःसाठी घ्यावं ते अंजली जोशी यांचं 'मी अल्बर्ट एलिस'. एलिस हा विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा जनक. मुलींशी बोलायची भीती घालवायला तो एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका बागेत रोज अनोळखी मुलींशी बोलायला बसला. शंभरेक जणींशी बोलणं झालं, भेटीचं एकच ठरलं आणि तीही आली नाही. पण भीती गेली. नकार पचतो, हे त्यानं नकार मिळवूनच तपासलं.

त्याची पद्धत घरी वापरून बघता येते. कागदावर तीन रकाने करा: घटना, तिच्याबद्दलचा समज, परिणाम. समजा, नीटमध्ये 720 पैकी 410 मिळाले आणि अपेक्षित कॉलेजचा कटऑफ त्याहून बराच वर आहे. पहिल्या रकान्यात फक्त एवढंच लिहायचं. परिणामात 'खोलीतून बाहेर येत नाही, मित्रांचे फोन घेत नाही'. मधला रकाना सगळ्यांत अवघड: 'एमबीबीएस नाही तर माझं काहीच नाही.' आकडा बदलत नाही, पण हे वाक्य तपासता येतं: खरंच काहीच नाही का? नेमकं काय हुकलं? चूक होते ती इथे. पालक मुलाचा कागद भरायला बसतात आणि तो आणखी एक पेपर होतो. आधी स्वतःचा भरा. 'लोक काय म्हणतील' तुमच्याच मधल्या रकान्यात सापडण्याची शक्यता मोठी.

मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकलचं नाझी छळछावणीवरचं पुस्तकही बरेच जण सुचवतात. ते थोर पुस्तक आहे, पण आत्ता दिलं तर 'लोकांनी काय काय सोसलं, आणि तू?' असा त्याचा अर्थ होतो.

घरी आल्यावर पुस्तक मुलाच्या हातात देऊ नका, दिवाणखान्यात ठेवा. 'वाचलंस का?' विचारू नका. पंधरवडाभर त्यानं हात लावला नाही तरी चालेल. मात्र तेवढ्या काळात झोप आणि जेवण सुटलेलंच असेल, तर पुस्तकाची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा कानावर आली, तर पंधरवडाही थांबू नका, त्याच दिवशी जा आणि त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि कोणत्याही वेळी लागतो. तिथे पालकांनाही बोलता येतं.