चार तारखेपर्यंत म्हणजे चार धरून की सोडून?

२०२४ ची भाऊबीज रविवारी, ३ नोव्हेंबरला आली होती. मी तासगावला माहेरी गेले होते. सोमवारही तिथेच काढायचा आणि मंगळवारी सकाळी सांगलीला परतून लॅपटॉप उघडायचा, असा बेत होता. सोमवारी रात्री साडेआठला वहिनी ताटं वाढत होती, आणि ओट्यावर पिठाच्या डब्याशेजारी ठेवलेला माझा फोन थरथरायला लागला. उचलला तर शिकागोचा सहकारी. त्याच्याकडे सकाळचे नऊ वाजले होते, ग्राहक कॉलवर येऊन बसला होता आणि डेमो मी द्यायचा होता. मी कुठे आहे, असं तो अगदी सभ्यपणे विचारत होता. माझ्या एका हातात चकली होती.

मी विश्रामबागेत घरी बसून काम करते. ऑफिस पुण्याला आहे आणि गोदामांसाठीच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट आमच्याकडे असतो. टीममध्ये एकजण म्युनिकला, एकजण हॅम्बुर्गला, एकजण शिकागोला. रजेवर जाण्याआधी मी सगळ्यांना रीतसर मेल टाकला होता. दिवाळीनिमित्त ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबरपर्यंत रजेवर आहे, गुरुवारी हॅम्बुर्ग बघेल, शुक्रवारी म्युनिक बघेल. इतकं स्वच्छ लिहिलंय म्हणून मी स्वतःवर खूश होते.

तो मेल तीन ठिकाणी फसला. पैकी ‘पर्यंत’चं शिकागोच्या फोनने दाखवलंच. मी इंग्रजीत ‘टिल फोर्थ’ लिहिलं होतं. माझ्या मनात चार तारीख रजेतच होती. म्युनिकच्या माणसानेही तसंच वाचलं. शिकागोच्या माणसाने वाचलं की चार तारखेला ही परत येणार. त्यांच्याकडे शेवटचा दिवस धरून सांगायचं असलं की ‘थ्रू’ म्हणतात, मग नुसतं ‘टिल’ दिसल्यावर त्याने तो दिवस सोडून दिला. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आपणही ‘सोमवारपर्यंत येतो’ आणि ‘सोमवारपर्यंत सुट्टी आहे’ यांत एकच ‘पर्यंत’ वापरतो आणि दोन वेगळे अर्थ घेतो.

बाकीचे दोन मंगळवारी कळले. गुरुवारी आलेली एका ग्राहकाची तक्रार (लेबलवर बारकोड अर्धाच छापला जात होता) दोन दिवस कुणी उघडलीच नव्हती. ३१ ऑक्टोबरला हॅम्बुर्गला सुट्टी होती आणि १ नोव्हेंबरला म्युनिकला. पहिली प्रोटेस्टंटांच्या धर्मसुधारणेची, ती उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या राज्यांत असते. दुसरी सर्व संतांचा दिवस, ती बव्हेरियासारख्या कॅथलिक वळणाच्या राज्यांत. मी नेमकं ज्याच्या सुट्टीच्या दिवशी ज्याला बसवायला नको, त्यालाच बसवलं होतं. नावं उलटी टाकली असती तर सगळं सुरळीत पार पडलं असतं.

मी जर्मनीच्या सुट्ट्या बघितल्या नव्हत्या असं नाही. बघितल्या होत्या, पण ‘जर्मनी’ म्हणून. अख्ख्या देशाला लागू असलेल्या सुट्ट्या नऊच आहेत, आणि त्यांत ३ ऑक्टोबरनंतर थेट २५ डिसेंबर येतो. मधे काही नाही म्हणून मी निर्धास्त. खरं तर हे मला सुचायला हवं होतं. आपल्याकडे जिल्हाधिकारी ज्या स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात, त्या सांगलीच्या वेगळ्या आणि पुण्याच्या वेगळ्या. पण दुसऱ्याचा देश आपल्याला एकसंध दिसतो.

त्यांनाही आपला तसाच दिसतो. म्युनिकच्या माणसाच्या कॅलेंडरमध्ये भारताची दिवाळी ३१ ऑक्टोबरला एक दिवस अशी होती, कारण केंद्राच्या यादीत ती तशी होती. महाराष्ट्राच्या यादीत १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आणि २ ला बलिप्रतिपदा. मी मेलमध्ये ‘दिवाळी’ लिहिल्याने त्याला वाटलं, एक दिवस सण, बाकी ही कुठेतरी फिरायला चालली असेल. सणाचं नाव ही तारीख नव्हे, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

हे सगळं मी वैतागून जेवताना सांगत होते, तेव्हा अण्णांनी एकच प्रश्न विचारला. “रुजू कधी होणार, ते लिहिलं नव्हतंस?” अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत. त्यांच्या रजेच्या अर्जात किती दिवस, कोणत्या तारखेपासून, मागेपुढे कोणत्या सुट्ट्या जोडून घेणार आणि कामावर कधी हजर होणार, हे सगळं लिहावं लागायचं. जोडून सुट्टीची परवानगी राहिली म्हणून एकदा रविवारही रजेत गेल्याचं त्यांना अजून आठवतं. तो अर्ज मला लहानपणी निव्वळ कटकट वाटायचा. पण त्यात ‘पर्यंत’ला जागाच नाही. शेवटचा कामाचा दिवस आणि रुजू होण्याचा दिवस ठरले की मधल्या दिवसांबद्दल वाद कशाला होईल?

२०२५ च्या दिवाळीला मी तोच अर्ज इंग्रजीत उतरवला. नरकचतुर्दशी सोमवारी २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन २१ ला, पाडवा २२ ला, भाऊबीज २३ ला. आमच्या ऑफिसला २१ आणि २२ ची सुट्टी होती. २०, २३ आणि २४ मी रजा टाकली. केंद्राच्या यादीत त्या वर्षीही दिवाळी एक दिवस आधी, २० लाच होती, त्यामुळे घोळ व्हायला सगळी तयारी होतीच. मेलचा मजकूर मराठीत सांगायचा तर असा:

“माझा शेवटचा कामाचा दिवस: शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५. पुन्हा कामावर: सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५, म्युनिकच्या घड्याळाने सकाळी १० वाजता. मधले पाचही कामाचे दिवस (सोमवार २० ते शुक्रवार २४, दोन्ही धरून) मी नाही. यांपैकी २१ आणि २२ ला आमचं पुण्याचं ऑफिसच बंद आहे, त्यामुळे तिथलंही कुणी भेटणार नाही. २०, २३ आणि २४ ला मी रजेवर आहे, पण पुण्याचं ऑफिस चालू आहे.”

शेवटची दोन वाक्यं आधी नव्हती. कच्च्या मसुद्यात मी सरळ ‘हॉलिडे’ लिहिलं होतं. तो वाचून हॅम्बुर्गच्या बाईने विचारलं की मंगळवारी-बुधवारी तू हॉलिडेवर आहेस, तर तातडीचं काही आल्यास पुण्यात कुणाला फोन करू? तिच्या इंग्रजीत हॉलिडे म्हणजे माझी खासगी रजा. माझ्या इंग्रजीत ऑफिसची सुट्टी. तिच्या भाषेत या दोन्हींना वेगळे शब्द आहेत, आणि आपल्याकडेही रजा आणि सुट्टी असा भेद आहेच. इंग्रजीत गेलं की दोघंही तो विसरतो. तेव्हापासून मी कोण बंद आहे ते लिहिते: मी, की अख्खं ऑफिस.

वार आणि तारीख दोन्ही लिहायची सवय मात्र एका अपघाताने पक्की झाली. आमच्या टीमच्या कॅलेंडरमध्ये रजा फाइल चढवून टाकावी लागते. मी जुनी फाइल घेतली आणि तारखा बदलल्या:

```
DTSTART;VALUE=DATE:20251020
DTEND;VALUE=DATE:20251024
```

चढवल्यावर कॅलेंडरमधली पट्टी गुरुवारी, २३ लाच संपलेली. माझी २४ ची रजा गायब. पूर्ण दिवसाच्या नोंदीत `DTEND` ही तारीख त्या नोंदीत धरलीच जात नाही, ती संपल्यानंतरचा पहिला दिवस सांगते. शुक्रवार आत यायचा तर तिथे `20251025` हवं. म्हणजे यंत्राच्या भाषेतही ‘पर्यंत’चं तेच दुखणं! आधी मला कळलंच नसतं, पण मेलमध्ये ‘शुक्रवार २४’ लिहिलेलं होतं आणि म्युनिकच्या माणसाने पट्टी गुरुवारी संपतेय असं दाखवून दिलं. नुसता आकडा चुकला तर तो चुकीचाच वाचला जातो. वार जोडला की दोन्ही जुळत नाहीत हे समोरच्याला दिसतं आणि तो विचारतो. महिना अक्षरांत लिहायचा, हे तर शिकागोच्या माणसामुळे करावंच लागतं, कारण १०/११ म्हणजे त्याला ११ ऑक्टोबर आणि म्युनिकला १० नोव्हेंबर.

रुजू होण्याच्या दिवसाला तास का लिहिला, तेही सांगते. रोजची आमची मीटिंग म्युनिकच्या दहाला, म्हणजे माझ्या दुपारी दीडला असते. २६ ऑक्टोबरच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे गेली. मी परतले तो सोमवार त्यानंतरचा पहिलाच, म्हणून तीच मीटिंग माझ्या अडीचला आली. रजेवरून परतून पहिल्याच दिवशी दीडला एकटीच स्क्रीनसमोर बसणं हा अनुभव मी आधी एकदा घेतलेला आहे.

काम सोपवण्याच्या दिवसांबद्दल आता मी यादी बघून अंदाज करत नाही, सरळ विचारते. “या पाच दिवसांत तुमच्या शहरात ऑफिस बंद असा एखादा दिवस आहे का?” देश नाही, शहर. त्या आठवड्यात दोघांनाही सुट्टी नव्हती, पण हॅम्बुर्गने लगेच कळवलं की पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी ३१ ला त्यांचं बंद आहे. म्युनिकच्या माणसाने लिहिलं की त्याची १ नोव्हेंबर यंदा शनिवारी येते, म्हणजे बुडालीच, कारण तिथे बदली सुट्टी मिळत नाही. यावर मला फार वाईट वाटलं असं खोटं कशाला सांगू. आपल्याही कित्येक सुट्ट्या रविवारी वाया जातात.

एका ठिकाणी मात्र या पद्धतीचाही इलाज चालत नाही. पुण्याच्या एका सहकाऱ्याची ईद चंद्रदर्शनावर असते. २०२५ च्या रमजान ईदला त्याने सोमवार ३१ मार्च आणि मंगळवार १ एप्रिल असे दोन्ही दिवस लिहिले, कोणता ते रविवारी रात्री कळवतो म्हणाला, आणि दोन्ही दिवसांची कामं आधीच वाटून टाकली. ईद सोमवारी झाली. मंगळवारी तो हजर होता आणि त्याचं काम दुसऱ्याकडे असल्याने सकाळभर त्याला करायला काही नव्हतं. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग अर्जात तसं लिहायचं, चंद्र दिसल्यास.”

२०२५ च्या त्या दिवाळीत सोमवार ते शुक्रवार माझा फोन वाजला तो एकदाच. म्युनिकहून. तारखेबद्दल नव्हता, चकली कशाच्या पिठाची करतात, ते त्याला विचारायचं होतं.