कार्डावरचे तीन शब्द

एप्रिलमधला शनिवार, संध्याकाळचे साडेसात. पुण्यातल्या आमच्या वाईन शॉपमध्ये ही सगळ्यात गर्दीची वेळ. काउंटरपाशी एक काका-काकू आले आणि काकूंनी पिशवीतून उघडलेली बाटली काढून समोर ठेवली. बोजोले-विलाज, फ्रान्सची, गामे द्राक्षाची रेड. एक तृतीयांश संपलेली.

"अहो, तुमच्या कार्डावर फ्रूटी लिहिलंय. ही तर आंबट आहे," काकू म्हणाल्या. "आणि हलकी म्हणे! ह्यांना एका ग्लासात चढली."

काका शांतपणे म्हणाले, "आम्हाला जड वाईन आवडत नाही, म्हणून तर कार्ड वाचून घेतली."

बाटली आत नेऊन मी आधी बूच पाहिलं. बाटली उन्हात तापली असेल तर आतला द्रव फुगून बूच वर सरकतं आणि त्याच्या कडेने लाल ओघळ वरपर्यंत दिसतो. इथे फक्त खालचं टोक रंगलं होतं. मग वास घेतला. बूच खराब असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीतल्या दमट कागदांचा वास येतो आणि फळाचा वास मरतो. तसंही काही नव्हतं. स्ट्रॉबेरी, चेरी आणि मागे किंचित केळं. माल चांगला होता. म्हणजे चूक कार्डाची.

आमच्या परवान्यात बाटली सीलबंदच विकायची असते, गिऱ्हाइकाला चाखवता येत नाही. गर्दीत प्रत्येकाशी दोन मिनिटं बोलणंही होत नाही. फळीवर लावलेलं पोस्टकार्डाएवढं कार्ड हेच दुकानाचं बोलणं, आणि ते उभ्याउभ्या, हातभर अंतरावरून वाचलं जातं. आयातदाराचा माणूस छापील कार्डं देऊन जातो, पण त्यांत 'मध्यम शरीराची', 'रेशमी पोत' असली भाषा असते. ज्याला ती कळते त्याला कार्डाची गरज नसते. म्हणून हे कार्ड दुकानात लिहिलं होतं: 'हलकी, फ्रूटी रेड. जड वाईन न आवडणाऱ्यांसाठी. रूम टेम्परेचरला प्यावी.' दोनच ओळी, आणि त्यांतले तीन शब्द काकांच्या घरी चुकीचे पोचले.

पहिला शब्द 'फ्रूटी'. वाईनच्या धंद्यात तो वासाचा शब्द आहे, साखरेचा नाही. आपल्याकडे मात्र अनेकांची रेडशी पहिली ओळख गोव्याहून कुणीतरी आणलेल्या पोर्टने होते आणि ती गोड असते. 'फ्रूटी' वाचून माणूस तीच चव मनात धरतो. बोजोले त्या बाजूची नाहीच. तिच्यात साखर लिटरला चार ग्रॅमांच्या आतच असते, जिभेला ती जवळजवळ कळत नाही. उरतो तो गामेचा स्वभावतःच ठसठशीत आंबटपणा.

मग वासात एवढं फळ येतं कुठून? बोजोलेच्या पारंपरिक पद्धतीत द्राक्षं इतर रेडसारखी आधी चिरडत नाहीत. हाताने तोडलेले अख्खे घोस बंद टाकीत भरतात. तळाची द्राक्षं वरच्या वजनाने फुटतात, त्यांचा रस आंबायला लागतो आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकी भरून टाकतो. वरची द्राक्षं अजून अख्खी असतात. त्यांना हवा मिळत नाही, तेव्हा सालीच्या आत, यीस्टशिवाय, प्रत्येक मण्यात थोडं आंबवण सुरू होतं. दोन टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल झालं की मणी फुटतो आणि पुढचं काम नेहमीसारखं यीस्ट करतं. केळ्या-स्ट्रॉबेरीचा वास या मधल्या टप्प्याशी बांधलेला आहे. आणि सालं-बिया रसात फार दिवस रगडल्या जात नसल्यामुळे तुरटपणा कमी उतरतो. म्हणजे गिऱ्हाइकाला जे हवं होतं, कमी तुरट आणि फळाच्या वासाची रेड, ते बाटलीत होतंच. केळ्याचा वास आला की जीभ साखरेची वाट बघते आणि साखर येत नाही, एवढं कार्डाने सांगायला हवं होतं.

दुसरा शब्द 'हलकी'. काकांनी त्याचा अर्थ कमी चढणारी असा घेतला, आणि मराठीत तो तसाच होतो. लेबलवर १३ टक्के होते. काकांना विचारलं, कशात ओतली? "घरच्या पाण्याच्या ग्लासात. भरून." असा ग्लास साधारण २५० मिलीचा. त्यात शुद्ध अल्कोहोल ३२ मिलीच्या आसपास होतं, म्हणजे पाच टक्क्यांच्या बिअरच्या मोठ्या ६५० मिलीच्या बाटलीत असतं तेवढंच. पण बिअरची अख्खी बाटली संपवताना तेवढं पाणीही पोटात जातं आणि वेळही जातो. इथे तेच सगळं एका ग्लासात आणि पंधरा मिनिटांत गेलं. चढणारच.

तिसरे शब्द मला सगळ्यात जास्त लागले, कारण ते कुणीतरी लिहिले आणि आम्ही रोज समोर बघूनही खोडले नाहीत. 'रूम टेम्परेचर' हा युरोपातल्या थंड घरांचा सल्ला, १६ ते १८ अंशांच्या खोल्यांतला. काकांनी बाटली कार्डाप्रमाणे स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली होती. एप्रिलच्या संध्याकाळी तिथे ३२ अंश तरी असणार.

ते काय बिघडवतं ते पाहायला त्याच मालातली एक बाटली रविवारी घरी घेतली. अर्धी छोट्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवली, अर्धी ओट्यावरच राहू दिली. साधा स्वयंपाकाचा थर्मामीटर वापरला. ३२ अंशांच्या ग्लासात नाक घालताच आधी स्पिरिटसारखी झणझण आली. उष्णतेने अल्कोहोलची वाफ वर येते आणि फळाचा वास तिच्याखाली दबतो. घोट घेतल्यावर घशाशी जळजळ, आणि आंबटपणा सुटासुटा. १४ अंशांच्या ग्लासात तीच वाईन वेगळी निघाली. स्ट्रॉबेरी पुढे, आंबटपणा तोंडाला पाणी आणणारा, तुरटपणा जवळजवळ नाही. फ्रिजमधून थेट काढलेला ५ अंशांचाही एक ग्लास पाहिला. त्यात वासच बंद होता, नुसतं थंड आंबट पाणी.

गामेला गार करणं मानवतं ते तुरटपणा कमी असल्यामुळे. कॅबर्ने किंवा शिराझसारखी तुरट रेड एवढी गार केली तर तिचा तुरटपणा दाताला लागतो. सगळ्या रेड सारख्याच प्यायच्या, हा समज दुकानदारांमध्येही फार आहे, आणि त्याने चांगल्या बाटल्या बदनाम होतात.

थर्मामीटरवरून वेळही काढली. भरलेली ७५० मिलीची बाटली ३२ अंशांवरून १५ पर्यंत यायला घरच्या फ्रिजमध्ये पावणेदोन तास लागले. फ्रिज खचाखच भरला असेल तर अजून लागतील, म्हणून कार्डावर दोन तास. घाई असेल तर पातेल्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून बाटली मानेपर्यंत बुडवायची, पंधरा मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवायची नाही. खडे काचेला ठिकठिकाणीच टेकतात, पाणी मात्र सगळीकडून लागतं.

राहिला प्रश्न 'जड' या शब्दाचा. गिऱ्हाईक जड म्हणतं तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. तोंड कोरडं करणारा तुरटपणा, जास्त अल्कोहोलची जळजळ, किंवा ओकच्या पिंपातून आलेला लाकडाचा, व्हॅनिलाचा वास. सगळ्यात जास्त वेळा तुरटपणाच असतो, आणि तो ओळखायला मी एकच विचारतो, "कोरा कडक चहा चालतो का?" चहा आणि वाईन दोन्हींत टॅनिन असतं, ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि जीभ खरखरीत होते. चहात दूध घातलं की ते दुधातल्या प्रथिनांना धरतं आणि आपली जीभ सुटते. ज्याला कोरा चहा नको, त्याला बोजोले-विलाज बहुतेक आवडते. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "छे, दुधाशिवाय चहा म्हणजे काढा." म्हणजे बाटली त्यांच्यासाठी योग्यच होती, वाट चुकीची दाखवली होती.

सोमवारी नवं कार्ड लिहिलं:

बोजोले-विलाज, फ्रान्स (गामे द्राक्ष)
कोरा कडक चहा नको वाटतो? मग ही रेड बघा.
वास स्ट्रॉबेरी-चेरीचा. चव गोड नाही, किंचित आंबट. तुरटपणा फार कमी.
अल्कोहोल १३%, साध्या बिअरच्या दुपटीहून जास्त. चहाच्या कपाएवढीच ओता.
उघडण्याआधी फ्रिजमध्ये २ तास.
तंदुरी कोंबडी, अंडा करी, वांग्याचं भरीत.
उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये, ३ दिवसांत संपवा.
गोड हवी असल्यास काउंटरवर विचारा.

शेठनी वाचून 'किंचित आंबट'वर बोट ठेवलं. "हे वाचून कोण घेईल रे?" माझं म्हणणं, आंबट न सांगता विकलेली बाटली परत येते. तो शब्द राहिला. तिखटाच्या जेवणाबद्दल शेठना शंका नव्हती, त्यांचा अनुभवही तोच आहे की तुरट आणि जास्त अल्कोहोलची रेड तिखटाची आग वाढवते, ही वाढवत नाही.

एक अडचण कार्डाबाहेरची होती. शेजारी मुलाँ-आ-वाँ आणि मोर्गों ठेवल्या होत्या. त्याही बोजोले भागातल्याच, त्याच गामेच्या, पण तिथल्या दहा नामांकित गावपट्ट्यांपैकी. या दोन त्यांतल्या दणकट, जास्त घट्ट आणि तुरट. कार्ड दोन इंच सरकलं की गिऱ्हाईक तीच उचलणार. पोरं फळी पुसताना कार्डं सरकवतात आणि पुन्हा जागेवर ठेवत नाहीत, हे कितीदा सांगून झालंय. शेवटी त्या दोन बाटल्या वरच्या फळीवर नेल्या आणि कार्ड थेट बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने अडकवलं.

काका-काकूंना बाटली बदलून देण्याऐवजी तीच परत दिली आणि गार करून, चहाच्या कपात ओतून बघा असं सांगितलं. बुधवारी काका आले. उरलेली कशी लागली, हे त्यांनी आपणहून सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आंबट आहेच. पण आता कळतंय कशाला आंबट आहे ते." आणि अजून एक घेऊन गेले.

नव्या कार्डावरून 'हलकी' काढला, त्याच्या जागी मात्र एका शब्दाचं काही सापडलेलं नाही. 'पातळ' म्हटलं तर पाणी घातल्यासारखं वाटतं. 'सौम्य' म्हटलं तर पुन्हा कमी चढणारी. शेठ 'मऊ' म्हणतात, पण ते भाताला शोभतं.