करंगळी कुठे गेली?

काम साधं होतं. हँडक्रीमची एक ट्यूब, ती धरलेला एक हात, मागे फिकट भिंत. फोटो काढायचा नव्हता, इमेज जनरेटरमधून करून द्यायचा होता. लेबल आमचा डिझायनर नंतर चढवणार होता. दुपारच्या जेवणाआधी पाठवते, असं मी सकाळी बेधडक सांगून बसले होते.

पहिल्या सोळा चित्रांत एकही हात माणसाचा नव्हता. एकात अंगठ्याला तीन पेरं होती. एकात बोटं ट्यूबच्या मागे जाता जाता प्लॅस्टिकमध्ये विरघळली होती. एक हात पहिल्या नजरेला छान वाटला, पण मनगट उजवीकडून आत येत होतं आणि अंगठा मात्र डावीकडून, म्हणजे उजव्या मनगटाला डावा पंजा लावलेला. अशी चूक लगेच पकडता येत नाही. बघणाऱ्याला नुसतं खटकत राहतं.

मी लिहिलं काय होतं? सुंदर हात, अचूक शरीररचना, पाच बोटं, नैसर्गिक पकड. मग वैतागून त्यात ‘सहा बोटं नकोत, वाकडी बोटं नकोत’ अशी भर घातली. त्याने प्रकरण आणखी बिघडलं. वर्णनाच्या ओळीत ‘नको’ लिहिलेलं चित्रं काढणारी बरीच मॉडेल्स नीट पाळत नाहीत. ‘सहा बोटं’ हे शब्द मात्र त्यांच्यापर्यंत पोचतात. नको असलेल्या गोष्टींसाठी काही टूलमध्ये वेगळा रकाना असतो, पण ‘वाईट हात’ असं तिथे लिहूनही पकड कशी हवी ते कळत नाहीच.

डिझायनर मागे उभा राहून बघत होता. त्याने टेबलावरची नमुन्याची ट्यूब उचलली आणि माझ्या हातात ठेवली. ‘‘धर, आणि काय दिसतंय ते मला सांग. चित्रात काय हवंय ते नको सांगू.’’

मी उजव्या हाताने ट्यूब धरली, झाकण खाली आणि चपटं टोक वर. आणि दिसलं ते असं. अंगठा समोर, ट्यूबवर तिरका टेकलेला. त्याचं नख पूर्ण दिसत होतं. बाकीची बोटं मागून वळसा घालून आलेली, आणि डाव्या कडेवर त्यांची फक्त टोकं डोकावत होती. टोकं तीनच. करंगळी आखूड, ती मागेच राहिली होती. या तीन बोटांची नखं जवळजवळ दिसत नव्हती, कारण बोटांचे मऊ भाग ट्यूबच्या कडेला टेकलेले आणि नखं पलीकडे, डावीकडे तोंड करून. मधल्या बोटाच्या नखाची तेवढी बारीक कड दिसली.

म्हणजे माझ्या स्वतःच्या, धडधाकट हाताची पाच बोटं मला दिसत नव्हती! आणि मी तासभर मशीनला पाच बोटं दाखव म्हणून सांगत होते. जागा नसताना पाचही दाखवायची म्हटल्यावर कुठलं तरी बोट कुठून तरी फुटणारच. चारही बोटांची नखं कॅमेऱ्याकडे वळलेली यायची, त्याचंही मूळ इथेच होतं.

आणखी एक गोष्ट हातात धरल्यावरच कळली. ट्यूब भरलेली होती, त्यामुळे अंगठ्याखाली प्लॅस्टिक किंचित आत गेलं होतं. अंगठ्याचं टोक पसरट झालं होतं आणि नखाच्या कडेची कातडी दाबाने पांढुरकी पडली होती. आमच्या चित्रांतल्या ट्यूबवर असं काहीच नव्हतं. त्यामुळे बोटांची संख्या बरोबर आली तरी ट्यूब हातासमोर तरंगतेय असं वाटायचं. पकड खरी वाटते ती या दाबामुळे, आणि बोटाच्या कडेला पडणाऱ्या काळपट रेघेएवढ्या सावलीमुळे.

मग सगळं पुसून नव्याने लिहिलं. शरीररचनेचा एकही शब्द ठेवला नाही. कोण कुठून येतं, कशाला टेकतं आणि काय झाकलेलं आहे, एवढंच लिहिलं:

```
first-person view, right hand enters from lower right,
thumb pad pressed on the front of the tube, thumbnail visible,
three fingertips curl around the left edge from behind,
little finger hidden behind the tube,
tube about two and a half fingers wide, slight dent under thumb
```

रुंदीची ओळ डिझायनरची. आधीच्या चित्रांत ट्यूब कधी लिपस्टिकएवढी बारीक, तर कधी पाण्याच्या बाटलीएवढी जाड यायची, आणि जाडी बदलली की बोटं किती वळतील तेही बदलतं. सेंटिमीटर लिहून फारसा उपयोग होत नाही. बोटांच्या मापात सांगितलं की प्रमाण बरंच सावरतं.

फ्रेमही जवळ घेतली. आधी कोपरापर्यंत हात दिसत होता, म्हणजे बोटांच्या वाट्याला फारच थोडं चित्र यायचं. चित्रं काढणारी बरीच मॉडेल्स आतमध्ये लहान केलेल्या चित्रावर काम करतात. लांबी-रुंदी आठ-आठ पटींनी घटते, म्हणजे 512 पिक्सेल रुंदीच्या चित्राच्या जागी आत रुंदीला 64 चौकटी. त्या चित्रात 16 पिक्सेल रुंदीचं बोट म्हणजे आतल्या दोन चौकटी. दोन चौकटींत पेर, नख आणि कड कुठून मावणार?

पुढच्या सोळांपैकी तीन चित्रं कामाची निघाली. बाकीच्यांत करंगळी तरीही घुसली होती किंवा टोकं चार झाली होती. वर्णन नेमकं केलं म्हणून ते पाळलं जाईलच असं नाही. तिघांतलं सगळ्यात चांगलं निवडलं, तर त्यात तर्जनीचं टोक चिरल्यासारखं दुहेरी. तेवढाच भाग मास्क करून, म्हणजे रंगवून वेगळा दाखवून, पुन्हा काढायचा ठरवला. पहिल्यांदा फक्त टोकावर मास्क घातला आणि तिथे बोट नव्हे, गोटी आली. मग मागचं पेर आणि ट्यूबची थोडी कडही मास्कमध्ये घेतली, म्हणजे बोट कुठून येतंय ते मॉडेलला समजावं. बदलाची तीव्रता 0 ते 1 मध्ये देता येते. ती 0.3 वर ठेवली तर दुहेरी टोक तसंच राहायचं, 0.7 वर नवंच बोट उगवायचं. 0.45 च्या आसपास जमलं. हा आकडा त्या चित्रापुरता. दुसरीकडे पुन्हा चाचपावंच लागतं.

चित्र उलटं करून पाहिलं, आडवं उलटवून पाहिलं. नजर सरावली की चूक दिसेनाशी होते, उलटवल्यावर पुन्हा दिसते. मग लेबल चढवून पाठवून दिलं. जेवणाची वेळ कधीच टळून गेली होती.

अर्ध्या तासात क्लायंटकडून फोन आला. ‘‘मॅडम, चित्र छान आहे, पण एक बोट कमी आहे.’’

‘‘ट्यूब आहे ना जवळ? उजव्या हातात धरा आणि करंगळी दिसतेय का सांगा.’’

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग हसण्याचा आवाज. ‘‘नाही दिसत हो. पण लोक ट्यूब हातात घेऊन चित्र बघणार नाहीत. ते बोटं मोजणार.’’

यावर मला वाद घालता आला नाही. हल्ली लोक चित्रातल्या हाताची बोटं खरंच मोजतात. मी पुन्हा ट्यूब उचलली आणि करंगळी न ताणता कुठे दिसेल ते शोधत बसले. शेवटी ती झाकणाच्या खाली घेतली, मोबाइल धरताना खालून आधार देतो तशी. टोक आपोआप दिसायला लागलं आणि ट्यूबही हातात घट्ट बसली. ‘करंगळी ट्यूबच्या मागे’ ही ओळ खोडली, ‘करंगळी झाकणाखाली आडवी, टोक दिसतंय’ असं लिहिलं आणि पुढची सोळा चित्रं लावली.