सिम्युलेटर कॉकपिट: कार्डाला पोर्ट पाच, मॉनिटर मात्र चारच

कॉकपिटचं काम आता पाचव्या स्क्रीनपर्यंत आलंय. बाहेरच्या दृश्यासाठी २७ इंची तीन मॉनिटर, त्यांच्याखाली डायलसाठी १५.६ इंची पॅनेल आणि उजव्या हाताला नकाशासाठी जुना १९ इंची चौकोनी मॉनिटर, अशी मांडणी आहे. कार्ड आरटीएक्स ३०६०, त्यातलं तीन डिस्प्लेपोर्ट आणि दोन एचडीएमआय असलेलं मॉडेल. मागून मोजलं तर पाच पोर्ट आणि पाच मॉनिटर, हिशेब जुळतो. पण त्याच कार्डाच्या माहितीपानावर पोर्टच्या यादीखाली आणखी एक ओळ असते: एका वेळी जास्तीत जास्त चार डिस्प्ले. या वेळचं सगळं काम त्या ओळीभोवतीच झालं.

प्रत्येक मॉनिटरला स्वतःच्या रिझोल्यूशननं आणि स्वतःच्या गतीनं चित्र लागतं. ते मेमरीतून ओळीओळीनं वाचून बाहेर पाठवणारा एक भाग चिपमध्ये असतो. त्याला हेड म्हणतात, लिनक्सवाले सीआरटीसी म्हणतात. या चिपमध्ये असे चारच आहेत. कार्ड बनवणारी कंपनी पाचवा पोर्ट देते तो सोयीसाठी, म्हणजे कुणाला दोन एचडीएमआय हवे असतील तर कुणाला तीन डिस्प्लेपोर्ट. गाड्या पाच असल्या तरी ड्रायव्हर चारच आहेत. म्हणून पोर्ट मोजायच्या आधी ती ओळ बघा. जीटी १०३० सारख्या छोट्या कार्डात हा आकडा दोनवरच थांबतो.

अडचण हेडची आहे की केबलची, हे ओळखायची एक खात्रीची चाचणी आहे. मी पाचही मॉनिटर जोडले, १९ इंचीला एचडीएमआय ते डीव्हीआय केबल लावली. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये पाच चौकोन आले, पण पाचवा फिका. त्याला डेस्कटॉप वाढवायला सांगितलं की बदल टिकत नाही. मग केबलला हात न लावता सेटिंगमधूनच डायलचं पॅनेल डिस्कनेक्ट केलं. १९ इंची तत्काळ उजळला. म्हणजे केबल, पोर्ट, मॉनिटर सगळं ठणठणीत, कमी आहे ती हेडची. केबल खराब असती तर चौकोनच आला नसता किंवा चित्र लुकलुकलं असतं. लिनक्सवर हाच प्रकार सरळ शब्दांत दिसतो:

```
xrandr: cannot find crtc for output HDMI-1
```

ही ओळ दिसली की केबल बदलत बसू नका.

आता कन्व्हर्टर. बाजारात "एकाचे दोन" म्हणून मिळणाऱ्या डब्या दिसायला सारख्या, आतून मात्र अगदी वेगळ्या असतात. एचडीएमआय स्प्लिटर एकच चित्र दोन ठिकाणी दाखवतो. कॉकपिटमध्ये त्याचा उपयोग नाही, कारण दोन्ही स्क्रीनवर तोच डायल दिसेल. एमएसटी हब खरोखर एका डिस्प्लेपोर्टमधून वेगवेगळी चित्रं काढतो. बँडविड्थचीही अडचण नसते: १०८० पिक्सेल, ६० हर्ट्झच्या एका मॉनिटरला साधारण सव्वातीन गिगाबिट लागतात आणि डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये १७.२८ गिगाबिट मिळतात. पण हबमागचा प्रत्येक मॉनिटर एक हेड घेतोच. हेड शिल्लक आहेत आणि पोर्ट संपलेत, अशा वेळी हब घ्या. लॅपटॉपला एकच डिस्प्लेपोर्ट असेल तर तो उत्तम. माझ्याकडे उलटं आहे, पोर्ट उरलाय आणि हेड संपलेत, त्यामुळे हब घेऊन पाचवा मॉनिटर लागणार नव्हता.

साध्या कन्व्हर्टरबद्दल एवढंच, की दिशा बघून घ्या. डिस्प्लेपोर्टवर दोन अधिकची खूण असेल तर कार्ड स्वतःच एचडीएमआयचा सिग्नल देतं आणि स्वस्त पॅसिव्ह कन्व्हर्टर चालतो. उलट दिशेला, म्हणजे कार्डाचा एचडीएमआय आणि मॉनिटरचा डिस्प्लेपोर्ट, तो पॅसिव्ह कन्व्हर्टर चालत नाही. तिथे वेगळी वीज लागणारा अॅक्टिव्ह कन्व्हर्टर हवा. आणि व्हीजीएसाठी नेहमी अॅक्टिव्हच, कारण नव्या कार्डांमधून अॅनालॉग सिग्नल निघतच नाही. डीव्हीआयच्या सॉकेटमध्ये आडव्या चपट्या फटीभोवती चार छोटी छिद्रं नसतील, तर जुना डीव्हीआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आत शिरणारही नाही.

मग पाचवं हेड आणायचं कुठून? ते मशीनमध्येच होतं. प्रोसेसर आय५ १२४०० आहे, त्यात इंटेलचं स्वतःचं ग्राफिक्स आहे आणि त्याची हेड वेगळी मोजली जातात. मदरबोर्डच्या मागे एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए पोर्ट रिकामा होता. कार्ड लावलं की बहुतेक बोर्ड प्रोसेसरचं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, म्हणून बायोसमध्ये जाऊन `iGPU Multi-Monitor` चालू केलं. काही बोर्डांवर हाच पर्याय `IGD Multi-Monitor` नावानं असतो. त्याच पानावर पहिला डिस्प्ले पीसीआय एक्सप्रेसवरच ठेवला, नाहीतर सुरुवातीचा स्क्रीन नकाशाच्या मॉनिटरवर जातो. विंडोज सुरू झाल्यावर इंटेलचा ड्रायव्हर टाकला. ड्रायव्हरशिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये `Microsoft Basic Display Adapter` दिसत राहतं. १९ इंची साध्या व्हीजीए केबलनं सरळ बोर्डाला जोडला, कन्व्हर्टर लागलाच नाही. अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये प्रत्येक मॉनिटरखाली तो कुठल्या चिपला जोडलाय ते लिहिलेलं असतं. चार एनव्हिडियाला, एक इंटेलला.

यातली एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. सिम्युलेटर सगळी चित्रं एनव्हिडियाच्या कार्डावरच तयार करतो. उजवा ऑल्ट दाबून डायलवर क्लिक केलं की त्याची वेगळी खिडकी निघते. ती इंटेलच्या मॉनिटरवर ठेवली तर प्रत्येक फ्रेम एका चिपकडून दुसरीकडे न्यावी लागते. म्हणून सतत हलणारा कृत्रिम क्षितिजाचा डायल मी कार्डाच्या पॅनेलवरच ठेवलाय, आणि नकाशा व चेकलिस्ट इंटेलकडे दिलीत. नकाशा सावकाश सरकतो, त्याला काही फरक पडत नाही.

आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राकडे रायझन ५ ५६०० आहे. त्यात ग्राफिक्स नाही. तेच इंटेलच्या नावामागे एफ असलेल्या प्रोसेसरांचं. त्याच्यासाठी डिस्प्लेलिंक चिपचा यूएसबी कन्व्हर्टर हा मार्ग धरलाय. हा कन्व्हर्टर कार्डाचं हेड घेत नाही: प्रोसेसर चित्र दाबून यूएसबीवरून पाठवतो आणि डबीतली चिप ते उलगडते. त्यामुळे खिडकी ओढली की टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा भार वर जाताना दिसतो. पोर्ट यूएसबी ३ हवा, यूएसबी २ वर सगळं अडखळतं. खरेदी करताना वर्णनात डिस्प्लेलिंक हे नाव आहे का ते बघाच. तसाच दिसणारा टाइप सी हब बहुतेक वेळा पोर्टमधून आलेला डिस्प्लेपोर्टचा सिग्नल फक्त पुढे देतो, आणि डेस्कटॉपच्या बऱ्याच टाइप सी पोर्टमध्ये तो सिग्नल नसतोच.

आता बोर्डाचा एचडीएमआय अजून रिकामा आहे. तिथे रेडिओ पॅनेलसाठी १० इंची टच स्क्रीन लावतोय. टचची यूएसबी केबल वेगळी जाते, आणि विंडोज तो टच मुख्य मॉनिटरवर धरतं. तो योग्य स्क्रीनला बांधायला कंट्रोल पॅनेलमधलं टॅब्लेट पीसी सेटिंग्ज वापरावं लागणार. ते झालं की त्याची नोंद पुढच्या भागात.