ट्रकमधला दगड आणि तिसरी खुर्ची

नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी या मानसिक आघातांवरच्या उपचारात सुरुवातीला जमिनीवर एक दोरी पसरतात. दोरी म्हणजे जन्मापासून आजपर्यंतचं आयुष्य. चांगल्या आठवणींच्या जागी फुलं ठेवायची, भयंकर घटनांच्या जागी दगड. मग पुढच्या सत्रांमध्ये एकेक दगड क्रमाने घ्यायचा आणि ती घटना बारीकसारीक तपशिलांसह सांगायची. थेरपिस्ट ते सगळं लिहून काढतो आणि पुढच्या वेळी वाचून दाखवतो. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या शाउअर, नॉयनर आणि एल्बर्ट यांनी ही पद्धत ज्यांच्या वाट्याला एक नव्हे तर अनेक आघात आले त्यांच्यासाठी, विशेषतः युद्ध आणि छळातून निसटलेल्यांसाठी बांधली. माझे बरेचसे रुग्ण स्थलांतरित असल्यामुळे मी हीच पद्धत जास्त वापरते.

ज्या दिवसाबद्दल लिहितेय त्या दिवशी एका तरुणाचा सर्वांत मोठा दगड घ्यायचा होता. बंद मालवाहू ट्रकमधून त्याला सीमेपलीकडे नेलं होतं. आत हवा संपत गेली आणि त्याच्या शेजारी बसलेला सोबती वाचला नाही. (ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत.) त्याची भाषा मला येत नाही, त्यामुळे खोलीत आम्ही तिघं असायचो: तो, मी आणि दुभाषी ताई. ताई त्याच्याच भाषेच्या, वयाने त्याच्याहून बऱ्याच मोठ्या. पहिल्या दिवसापासून त्याच होत्या. मध्येच दुभाषी बदलला की दोरी पुन्हा पहिल्यापासून पसरावी लागते, असा माझा अनुभव आहे.

आधीचा एक छोटा दगड नेहमीच्या पद्धतीने घेतला होता. तो दोन-तीन वाक्यं बोलायचा, ताई सांगायच्या, मी विचारायचे, ताई पुन्हा सांगायच्या. वरून सगळं सुरळीत चाललेलं दिसत होतं. पण मी त्याचा पाय बघत होते. बोलताना पाय थरथरायचा, श्वास वर चढायचा, आणि ताईंनी तोंड उघडलं की तीस-चाळीस सेकंदांत दोन्ही शांत व्हायचं. पुन्हा त्याची पाळी आली की पुन्हा शून्यापासून. अस्वस्थता शून्य ते दहात किती, असं विचारलं तर तो चार म्हणायचा. या उपचारात भीती चढू द्यायची, तिच्यासोबत थांबायचं आणि ती आपोआप उतरेपर्यंत गोष्ट सोडायची नाही, असं असतं. भाषांतराच्या प्रत्येक विरामात त्याला नकळत पळवाट मिळत होती. विराम कायम वाईट नसतात. फार लवकर भडकणाऱ्या रुग्णाला मी मुद्दाम ते देते. पण याच्या बाबतीत ट्रकचा दगड असा तुकड्यातुकड्यांनी घेतला असता तर आम्ही नुसती माहिती गोळा केली असती.

म्हणून त्या दिवशी ताईंना सत्राआधी अर्धा तास बोलावलं. आज ट्रकबद्दल आहे, आत एक मृत्यू आहे, हे आधी सांगितलं आणि त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात याच्या जवळ जाणारं काही आहे का ते विचारलं. असतं तर त्यांनी कारण न सांगता नाही म्हणावं, एवढी मोकळीक होती. मग कामाची पद्धत ठरवली. सुरुवातीचा भाग नेहमीसारखा घ्यायचा. मी तळहात टेबलावर पालथा ठेवला की त्यानंतर त्याला अजिबात थांबवायचं नाही, तो बोलत असतानाच मला हलक्या आवाजात सांगत राहायचं. एखादं वाक्य सुटलं तर सुटू द्यायचं, मी नंतर विचारेन. तो रडला तर धीर द्यायचा नाही, पाणी पुढे करायचं नाही. माझे प्रश्न चार-पाच शब्दांचेच असतील आणि ते आम्ही आधीच त्यांच्या भाषेत बसवून घेतले: काय दिसतंय? काय ऐकू येतंय? शरीरात कुठे जाणवतंय? तेव्हा मनात काय आलं? आत्ता या खोलीत काय वेगळं आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. या पद्धतीत माणसाला तेव्हा आणि आत्ता यांच्यामध्ये सतत ये-जा करायला लावायची असते, एकट्या 'तेव्हा'मध्ये सोडायचं नसतं.

खुर्च्यांचाही विचार केला. दुभाषीने रुग्णाच्या किंचित मागे बसावं म्हणजे रुग्ण थेरपिस्टकडे बघतो, असं काही जण सुचवतात. अंधाऱ्या ट्रकमध्ये अडकलेल्या माणसाच्या मागून कुजबुज येणं मला अजिबात नको होतं. ताई माझ्या बाजूला, त्याला पूर्ण दिसतील अशा बसल्या.

पहिली पंचवीस मिनिटं ट्रकमध्ये चढण्यापर्यंत गेली. दरवाजा बंद झाला तिथे मी हात पालथा ठेवला. ताईंचा आवाज खाली आला आणि तो पहिल्यांदाच सलग बोलायला लागला. घाम, डिझेलचा वास, पत्र्यावर ठोकणारे हात, पत्र्याच्या जोडातली बोटभर फट आणि तिथे तोंड लावायला चाललेली रेटारेटी. श्वास वर गेला आणि वरच राहिला. आकडा नऊ.

मग तो गप्प झाला. मान खाली, हात मांडीवर सैल, ओठांचा रंग उतरला. नवख्या माणसाला वाटेल, शांत झाला. पण धोक्यापुढे शरीराच्या प्रतिक्रियांची एक उतरंड असते. आधी गोठणं, पळणं, लढणं, आणि काहीच शक्य नसेल तेव्हा शेवटी सगळं बंद पडणं. त्या शेवटच्या टप्प्यात नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, माणसाला ऐकू येईनासं होतं. अशा वेळी मी वाक्य बोलायचं, ताईंनी ते सांगायचं, त्याने ते समजून घ्यायचं, एवढा लांबचा फेरा परवडत नाही. म्हणून हा भाग पहिल्या सत्रातच हसतखेळत, शब्दांशिवाय शिकवून ठेवलेला असतो. मी माझ्या मुठी आवळल्या, पाय जमिनीवर जोराने दाबले, मांड्या ताठ केल्या आणि त्याच्या पायावर हलकेच पाय टेकवला. तीही परवानगी आधी घेतलेली होती. स्नायू ताणले की रक्तदाब वर येतो. त्याच वेळी ताईंनी, माझ्याकडे न बघता, ठरलेलं सांगायला सुरुवात केली: त्याचं नाव, आजचा वार, आपण कुठे आहोत, दार उघडं आहे. पूर्ण सत्रात ताईंना त्याच्याशी स्वतःहून बोलायची मुभा याच एका प्रसंगी असते. या थेरपीत डोळे उघडे असतात हे इथे कामाला येतं. त्याने माझ्या मुठी पाहिल्या आणि स्वतःच्या आवळल्या. मी त्याला उभं केलं, रबरी चेंडू फेकला, त्याने झेलला. चार-पाच झेल झाल्यावर ओठांवर रंग आला.

इथे थांबावंसं वाटतं. पण माणसाला ट्रकच्या आत ठेवून घरी पाठवता येत नाही, गोष्ट दरवाजा उघडण्याच्या पलीकडे न्यावीच लागते. आम्ही उभ्याउभ्याच पुढे गेलो. सोबत्याचा हात फटीसमोर आला होता, तो म्हणाला. तो हात त्याने बाजूला सारून स्वतःचं तोंड तिथे लावलं. यानंतर तो बराच वेळ बोलला. ताई मात्र एकच वाक्य बोलल्या, आणि मग: "दुभाषीला एक मिनिट हवा आहे."

तो खूप बोलला आणि भाषांतर तोकडं आलं, तर काहीतरी गाळलं जातंय याची ती खूण असते. गाळण्याऐवजी ताईंनी ठरल्याप्रमाणे स्वतःबद्दल 'दुभाषी' असं म्हणून वेळ मागितला, त्यामुळे हे बोलणं कोणाचं याचा गोंधळ झाला नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि तो माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होता. बघत काय, निकालाची वाट पाहत होता. ताईंनी नजर वळवली नाही. डोळे पुसले, मिनिटभराने उरलेलं सगळं सांगितलं. आपण मारेकरी आहोत, आईला कळलं तर ती तोंड बघणार नाही, असं तो म्हणत होता. मग त्याने ताईंना विचारलं की हे ऐकूनही त्या पुढच्या वेळी येणार का. ताईंनी उत्तर दिलं नाही. आधी प्रश्न मला सांगितला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, याचं उत्तर तुमचं तुम्ही द्या. त्या हो म्हणाल्या. आकडा सहावर आला, मग थोड्या वेळाने चारवर.

दुभाषीने काचेसारखं पारदर्शक असावं, असं प्रशिक्षणात अजूनही शिकवतात. भीतीच्या आठवणींपुरतं ते चालून जातं. अपराधीपणा आणि लाज यांच्या बाबतीत मला ते पटत नाही. माझ्या मताला त्याच्या लेखी किंमत होती, पण मी परकी. ताईंच्या रूपात त्याच्या मागे राहिलेली सगळी माणसं समोर बसली होती. त्यांच्यासमोर सांगून झालं आणि आभाळ कोसळलं नाही, हा उपचाराचाच भाग होता. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ताई छळणाऱ्यांच्या गटातल्या असत्या, किंवा त्याच्या गावात ओळखी असलेल्या असत्या, तर हे वाक्य कधी बाहेर आलं नसतं. म्हणून नातेवाइकांना दुभाषी करू नये, आणि भाषा जुळली तरी दुभाषी चालेल का हे रुग्णाला एकट्याला विचारावं, गरज पडल्यास फोनवर दुसऱ्याच दुभाषीमार्फत.

सत्र दोन तासांचं झालं. एरवी दीड तास पुरतो. तो गेल्यावर ताई आणि मी वीस मिनिटं बसलो. "मी त्याचा हात बाजूला सारला" हे त्यांनी 'मी' म्हणूनच बोललं होतं, आणि तो हात आता त्यांना दिसत होता. त्यांच्याकडूनही पाय दाबून घेतले, खोलीतल्या वस्तू मोजून घेतल्या. त्या दिवशीचं पुढचं काम त्यांनी सोडलं. सत्राआधीच्या आणि नंतरच्या वेळेचे पैसे दुभाषींना बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. मोजतात ती फक्त रुग्णासमोरची मिनिटं. हे भांडण मी प्रत्येक ठिकाणी भांडते.

पुढच्या सत्रात मी लिहिलेलं ताईंनी त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवलं. हात बाजूला सारला तिथे त्याने थांबवलं. क्रम चुकलाय, म्हणाला. सोबत्याचं पत्र्यावर ठोकणं आधीच थांबलं होतं. किती आधी? आम्ही त्या मिनिटांत पुन्हा गेलो, या वेळी सावकाश. आधी ठोकणं थांबलं, मग सोबत्याचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं, जड झालं, त्यानंतर ट्रक एकदा वळला आणि त्या हेलकाव्यात तो हात फटीसमोर येऊन पडला. हे त्याने स्वतःच सांगितलं. मी काहीही सुचवलं नव्हतं, आणि सुचवायचंही नसतं. आठवण तापलेली असताना घटनांचा क्रम विस्कटलेला असतो. तो जागेवर बसला की अपराधाचा हिशेब पुष्कळदा आपोआप बदलतो. सोबत्याबद्दलचं दुःख तसंच राहिलं, किंबहुना त्याला तेव्हा कुठे जागा झाली.

त्यानंतर ताई दोन आठवडे रजेवर होत्या. कार्यालयाने दुसरा दुभाषी देऊ केला. मी त्या तरुणाला विचारलं, तो म्हणाला थांबू या. मधल्या भेटींत आम्ही फोनवरच्या दुभाषीला घेऊन फक्त झोप आणि दिनक्रम यांवर काम केलं. दगड घेतला नाही, कारण ओठांचा रंग उतरला तर फोनवरच्या माणसाला तो दिसत नाही.