स्कूटरचा पॅक, भाग ३: डब्याचं माप फुल चार्ज सेलवर घ्या

मंडळी, मागच्या वेळी सांगितलं होतं की स्कूटरच्या बॅटरीचे सेल आले, १६ प्रिझमॅटिक म्हणजे चपट्या पेटीसारखे, एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे, ५० अँपिअर-तासवाले, प्रत्येक १४८ × १३० × २७ मिमी. १६ × २७ म्हणजे ४३२, त्यात मधल्या १५ इपॉक्सी शीट अर्ध्या मिमीच्या, म्हणजे साडेसात, झाले ४३९.५. मी आतून ४४० चा डबा शिवाजी उद्यमनगरात वेल्डिंग करून आणला, सेल त्यात अगदी फिट्ट बसले आणि मला वाटलं काम झालं.

तीन चार्जनंतर डब्याची शेवटची भिंत बाहेर फुगलेली दिसली. सेल काढून टेबलावर मोकळे लावले आणि मोजलं, तर २० टक्के चार्जला ४३९.५ असलेली रांग फुल चार्जला ४४२ भरली. अडीच मिमी, म्हणजे सेलमागे साधारण ०.१५. कॅलिपरने बघितलं तर कडा २७ च्या २७ आणि फुगवटा सगळा मधोमध. चार्ज होताना लिथियम ग्रॅफाइटमधे शिरतं आणि ग्रॅफाइटचं आकारमान १० टक्क्यांच्या आसपास वाढतं, पलीकडे एलएफपी थोडं आकसतं पण तेवढी भरपाई होत नाही. हा झाला सेलचा श्वास, डिस्चार्ज केला की परत खाली बसतो. वय वाढेल तसा थोडा फुगवटा कायमचा राहतो, तो वेगळा.

२१७०० हे गोल सेल वापरले असते तर ही भानगडच नव्हती. त्यांचं स्टीलचं गोल कवच आतला दाब सगळीकडे सारखा झेलतं, म्हणून बाहेरून फरक जाणवत नाही. प्रिझमॅटिकची सपाट भिंत पातळ ॲल्युमिनियमची, तेलाच्या डब्यासारखी मधेच वाकते, म्हणजे ताकद सेलमधे नाही, ती आपण बाहेरून द्यायची. पाऊचला तर कवचच नाही, नुसती ॲल्युमिनियम फिल्म, वजनाला सगळ्यात हलका पण खड्ड्यातल्या रस्त्यावर टॅबवर ताण आला की संपलं.

मग गोल का नाही घेतले? २१ मिमीचे सेल २२.५ मिमी अंतराच्या चौकोनी होल्डरमधे लावले की जागेचा ६८ टक्केच वापर होतो, मधमाशीच्या पोळ्यासारखे लावले तर ७९. ती मोकळी जागा फुकट जात नाही हे खरं, एक सेल पेटला तर शेजारच्याला थोडी सवड मिळते, पण माझ्या फूटबोर्डखाली तेवढी जागाच नाही.

आता नवीन रचना. मोठ्या २८० अँपिअर-तासवाल्या सेलना ३०० किलोचा दाब सुचवतात, त्यांच्या चेहऱ्यावर, म्हणजे मोठ्या सपाट बाजूवर, भागला तर साधारण ०.८ किलो प्रति चौ. सेमी येतो. माझ्या सेलचा सपाट भाग सुमारे १८५ चौ. सेमी, म्हणून मी १५० किलो धरला. रांगेच्या दोन टोकांच्या प्लेटा आवळायला चार एम६ रॉड, प्रत्येकावर ३७ किलो. हे फार कमी आहे बरं का, टॉर्क निघतो अर्ध्या न्यूटन-मीटरपेक्षा कमी, पाना लावून जोर केला की तिप्पट-चौपट दाब सहज जातो. म्हणून रॉडवर स्प्रिंग घातले, ८ मिमी दबले की ३७ किलो देणारे. रांग अडीच मिमी वाढली की एका रॉडवर ४८-४९ किलो होतात, चालतं. स्प्रिंगशिवाय नुसत्या रॉडने आवळलं असतं तर फुगवट्याला जागाच मिळाली नसती आणि सेलवरचा दाब खूप वाढला असता. शेवटच्या प्लेटा १० मिमी ॲल्युमिनियमच्या, पातळ घेतल्या तर कडेला आवळतात आणि मधे वाकतात, म्हणजे जिथं फुगवटा तिथंच दाब नाही. प्लेटवर बाहेरून स्टीलपट्टी आडवी लावून बघा, पट्टी मधे टेकून कडेला उजेड दिसला की प्लेट पातळ आहे. आवळताना सेल ३० टक्क्यांच्या आसपास ठेवले.

सेल असे चिकटून बसले की मोठ्या चेहऱ्यातून उष्णता बाहेर जायला वाटच राहत नाही. पण आतले थर उभे असतात, थरांच्या दिशेने उष्णता आरपार जाण्यापेक्षा वीसेक पट सहज वाहते, म्हणून मी तळातून काढतोय, खाली थर्मल पॅड आणि ५ मिमी ॲल्युमिनियम प्लेट. सेलची निळी फिल्म फाटलेली नाही ना हे आधी बघा, बऱ्याच सेलचं कवच पॉझिटिव्हच्या जवळ असतं, दोन कवचं प्लेटला टेकली की शॉर्ट.

एक पोरगा विचारत होता, जुना पाऊच फुगलाय, दोन फळ्यांत दाबून वापरू का? दादा, नको. बोटाने दाबल्यावर उशीसारखा मऊ लागतो आणि डिस्चार्ज करूनही बसत नाही, म्हणजे आत गॅस झालाय, इलेक्ट्रोलाइट सडतंय. दाबून गॅस फक्त कडेच्या सीलकडे ढकलला जातो. टोचून तर अजिबात काढू नका.

नवीन डबा आतून ४७५ चा सांगितलाय, प्लेटा, स्प्रिंग आणि म्हातारपणाच्या फुगवट्यासकट. तो आला की पन्हाळ्याचा चढ पूर्ण लोडने चढून मधल्या आणि कडेच्या सेलचं तापमान लिहितो, मधला किती जास्त तापतो ते बघायचंय.